ती रेष पुन्हा काढून दाखवता का?

सेशन संपलं होतं, लोक चहाच्या सुट्टीला बाहेर पडत होते आणि मी मार्करची टोपणं शोधत होते. मधल्या रांगेत बसलेली एक मुलगी, जी दोन तासांत एक शब्द बोलली नव्हती, ती भिंतीपाशी येऊन उभी राहिली. भिंतीवर फ्लिपचार्टचे दोन कागद एकावर एक चिकटवलेले होते आणि त्यावर मी काढलेली जाड काळी रेष, खालच्या कागदावरून निघून वरच्या कागदात घुसलेली. ती थोडा वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "मॅडम, ही रेष पुन्हा एकदा काढून दाखवता का?" मला आधी कळलंच नाही. म्हटलं, "अगं, ही काय समोरच आहे की." ती म्हणाली, "हो, ही दिसतेय, पण काढताना परत बघायची होती." पुढच्या बॅचसाठी खोली रिकामी करायची होती, दारात माणूस येऊन उभा होता, मी म्हटलं फोटो पाठवते. आणि संध्याकाळी आठवणीने पाठवलाही, नीट उजेडात काढलेला, चारही कोपरे सरळ.

तिने फोटो मागितलाच नव्हता.

हे मला पुढचे कितीतरी दिवस टोचत राहिलं. कारण ही रेष माझ्या स्लाइडवरही होती, कित्येक वर्षं होती, आणि फोटोपेक्षाही छान होती. ज्या टीम्सकडे कामं येऊन साचतात त्यांना मी शिकवते, म्हणजे कुणाकडे तक्रारी येतात, कुणाकडे मंजुरीचे अर्ज येतात, कुणाकडे एकच टेस्टिंगचं मशीन असतं आणि दहा जण त्याच्या मागे. त्यांना एक गोष्ट समजावी असं मला मनापासून वाटतं, की माणूस किंवा मशीन जितकं जास्त बिझी ठेवाल तितकं प्रत्येक कामाला थांबावं लागतं, आणि हे थांबणं सरळ हिशोबाने वाढत नाही, शेवटी शेवटी उसळी मारतं. स्लाइडवर डाव्या बाजूला सूत्र होतं, T = S / (1 - ρ), त्यातला S म्हणजे एका कामाला लागणारा सरासरी वेळ, ρ म्हणजे किती बिझी आणि T म्हणजे काम आल्यापासून हातावेगळं होईपर्यंतचा एकूण वेळ. उजव्या बाजूला गुळगुळीत निळा ग्राफ. मी ती स्लाइड दाखवायचे, समजावून सांगायचे, सगळे माना डोलवायचे. मग मी विचारायचे, की ८० टक्के बिझी असलेल्या माणसाला ९० टक्के बिझी केलं तर काम हातावेगळं व्हायला लागणारा एकूण वेळ कितीने वाढेल? आणि हमखास कुणीतरी म्हणायचं, दहा टक्के. उत्तर त्यांच्या डोळ्यांसमोर पडद्यावर असायचं, ग्राफ तिथेच असायचा, तरी दहा टक्के.

मला वाटायचं स्लाइडमध्येच खोट आहे. मग मी रेष जाड केली, ९० पाशी बाण दिला, नंतर ॲनिमेशन टाकलं, दोन सेकंदांत रेष डावीकडून उजवीकडे सर्रकन उमटायची. लोकांना ॲनिमेशन आवडलं. उत्तर मात्र दहा टक्केच राहिलं.

मार्कर हातात यायला कारण झालं ते एका साध्या प्रश्नाचं. एका सेशनमध्ये एक वयस्कर गृहस्थ म्हणाले, "हे आकडे आले कुठून ते सांगा, मग रेषेचं बघू." आणि मी उत्तर द्यायला म्हणून बाजूच्या फ्लिपचार्टकडे वळले. त्या दिवशी जे झालं ते नंतर मी घासून-पुसून नीट केलं, आज ते कसं करते ते सविस्तर सांगते, कारण माझं म्हणणं सगळं त्यातच आहे.

कागद साधारण ६० सेंटीमीटर रुंद आणि ८५ उंच असतो. तो मी स्टँडवर न ठेवता भिंतीवर टेपने लावते, शक्य तितका खाली, आणि त्याच्यावरची भिंत मुद्दाम मोकळी सोडते. खाली एक आडवी रेष ५० सेंटीमीटरची, ० ते १०० टक्के, म्हणजे दहा टक्क्याला पाच सेंटीमीटर. डावीकडे उभी रेष, दहा मिनिटांना सहा सेंटीमीटर. तोंडाने एवढंच सांगते, की एक काम सरासरी दहा मिनिटांचं आहे, करणारा एकच आहे, आणि कामं वेळ ठरवून येत नाहीत, वाटेल तेव्हा येतात. मग विचारते, माणूस निम्मा वेळ मोकळा असेल तर आलेलं काम पूर्ण व्हायला एकूण किती वेळ लागेल? कुणी म्हणतं दहा मिनिटं, कुणी बारा. मी म्हणते, दहा भागिले मोकळा वाटा, म्हणजे दहा भागिले अर्धा, वीस मिनिटं. आणि ५० च्या वर बारा सेंटीमीटरवर एक ठिपका देते. इथेच थोडी कुजबुज होते, की माणूस अर्धा वेळ रिकामा बसलाय आणि तरी काम दुप्पट वेळ घेतंय? हो, कारण कामं गठ्ठ्याने येतात, तिघं एकदम येतात आणि मग तासभर कुणीच फिरकत नाही, आणि तो रिकामा तास मागे नेऊन त्या तिघांना देता येत नाही. ही कुजबुज पुरती विरेपर्यंत मी थांबते. पुढचा ठिपका देत नाही.

मग ८० टक्के. मोकळा वाटा एक पंचमांश, दहा भागिले ०.२, पन्नास मिनिटं. ठिपका तीस सेंटीमीटरवर. हे लोकांना पटतं, मधलं अंतर मोठं आहे, चढ बरा वाटतो. आता मार्कर ९० च्या खाली ठेवते आणि विचारते, कुठे देऊ ठिपका? आणि हात हळूहळू वर नेते, तेच सांगतात, अजून थोडं वर, बास, नाही, अजून थोडं. बहुतेक जण ३५-३६ सेंटीमीटरच्या आसपास थांबवतात. तिथे मी बारीक पोकळ गोल काढून ठेवते, त्यांचा अंदाज म्हणून. मग भागाकार, दहा भागिले ०.१, शंभर मिनिटं. आणि हात वर जायला लागतो, चाळीस, पन्नास, साठ सेंटीमीटर, कागद संपत आलेला असतो. आडवं अंतर फक्त पाच सेंटीमीटर, चार बोटांच्याही आत, आणि उभं तीस. पोकळ गोल आणि खरा ठिपका यांच्यामधली ती कोरी जागा, लोक तिच्याकडेच बघत असतात. त्या जागेवर मी काहीही लिहीत नाही.

आणि मग ९५. आता कुणी अंदाज सांगत नाही, सगळ्यांना कळलेलं असतं की कागद पुरणार नाही. मोकळा वेळ १० टक्क्यांवरून ५ टक्के झाला, म्हणजे निम्मा, मग लागणारा वेळ दुप्पट, दोनशे मिनिटं, एकशे वीस सेंटीमीटर. मी मार्कर खाली ठेवते, दुसरा कागद उचलते, टेप फाडते, पहिल्या कागदाच्या वर लावते, आणि हात वर ताणून ठिपका देते. मागच्या ठिपक्यापासून अडीच सेंटीमीटर उजवीकडे आणि साठ सेंटीमीटर वर. मग चारही ठिपके एका रेषेने जोडते, सावकाश, आणि शेवटी टाचा उचलाव्या लागतात. टेप फाडल्याचा तो चर्र आवाज आणि कागद लावेपर्यंतची ती दहा-पंधरा सेकंदांची शांतता, माझ्या मते अख्ख्या सेशनमधला सगळ्यात महत्त्वाचा भाग तोच आहे, आणि त्यात मी एक शब्दही बोलत नाही.

हे झाल्यावर ८० वरून ९० चा प्रश्न विचारला तर दहा टक्के कुणीच म्हणत नाही. दुप्पट म्हणतात.

स्लाइडमधली खोट मला तेव्हा कळली. स्लाइडवर ९५ टक्क्यांचा ठिपकासुद्धा चौकटीतच मावत होता. मावणारच, सॉफ्टवेअर उभ्या रेषेची मापं आपोआप अशी बसवतं की सगळं चौकटीत यावं. म्हणजे जी गोष्ट मला दाखवायची होती, की हे आवाक्याबाहेर जातं, तीच गोष्ट स्लाइडने आवाक्यात बसवून टाकली होती. आणि दुसरं असं की स्लाइडवर उत्तर प्रश्नाच्या आधी पोचत होतं. माणसाला आपला अंदाज बांधायला, तो मनात पक्का करायला आणि मग तो चुकलेला बघायला जी सवड लागते ती मिळतच नव्हती. तयार रेष बघून माणूस म्हणतो, असं असेल बुवा. चुकण्याची संधीच न मिळालेली माहिती पाटीवरून पाणी ओघळावं तशी ओघळून जाते.

शाळेतले आमचे गणिताचे सर आठवतात. ते फळ्यावर लंब काढायचे तो लाकडी कंपास घेऊन, त्यात खडू अडकवलेला, आणि कंसाचे दोन तुकडे एकमेकांना छेदायचे तिथे खडू किंचित दाबायचे, करकर आवाज यायचा. आम्ही वहीत त्यांच्याबरोबर काढत असायचो. आपण मागे पडलो तरी फार मागे पडत नव्हतो, कारण सरांचा वेग खडूने बांधलेला होता, खडू जितका पळेल तितकेच सर पळणार. पुस्तकातही तीच आकृती होती, नीट छापलेली, पण पुस्तकातल्या आकृतीत कुठली रेष आधी आणि कुठली नंतर हे दिसत नाही, सगळ्या रेषा एकदम जन्मलेल्या. मला आजही लंब काढताना कंसांच्या आधी सरांचा खांदा आठवतो, तो कुठे वळायचा ते. मी स्लाइड्स बनवायला शिकले आणि मध्ये किती वर्षं हे पार विसरून गेले होते, याचं आता वाईट वाटतं.

या खांद्याचं आणि हाताचं काय महत्त्व आहे यावर झालेला एक अभ्यास मला फार जवळचा वाटतो. लोगन फिओरेला आणि रिचर्ड मेयर या दोघांनी २०१६ मध्ये चार प्रयोग प्रसिद्ध केले, विषय डॉप्लर परिणामाचा. काही विद्यार्थ्यांनी आधीच काढून ठेवलेल्या आकृत्या बघत स्पष्टीकरण ऐकलं, काहींनी तेच स्पष्टीकरण ऐकताना शिकवणाऱ्याला त्या आकृत्या काढताना बघितलं, सगळं व्हिडिओवर. नंतर शिकलेलं नव्या प्रश्नाला लावून बघायची परीक्षा होती. पहिल्या प्रयोगात शिकवणारा पूर्ण दिसत होता, त्यात ज्यांना विषय आधी फारसा माहीत नव्हता त्यांना काढताना बघण्याचा स्पष्ट फायदा झाला, जाणकारांना झाला नाही. दुसऱ्यात फक्त हात दिसत होता आणि फायदा सगळ्यांना झाला. तिसऱ्यात हात काढून टाकला, रेषा आपोआप उमटताना दिसत होत्या, आणि फायदा गेला. हे वाचलं तेव्हा मला माझं ते दोन सेकंदांचं ॲनिमेशन आठवलं, सर्रकन उमटणारी रेष, जिला हातच नव्हता. आणि एक छोटी सोय पण कळली, ऑनलाइन सेशन असेल तर मी आता स्क्रीनवर माउसने काढत बसत नाही, टेबलावर कागद ठेवून वर फोनचा कॅमेरा लावते, म्हणजे हात दिसतो.

पण याचा अर्थ सगळंच हाताने काढावं असा मी लावला होता, आणि त्यात तोंडावर आपटले. एका कामाची पूर्ण प्रोसेस, चौदा चौकोन आणि त्यांच्यातले बाण, मी व्हाइटबोर्डवर लाइव्ह काढायला घेतली. अकरा मिनिटं लागली. सहाव्या चौकोनापर्यंत लोक बघत होते, मग उजवीकडे जागा संपायला लागली, चौकोन लहान झाले, अक्षरं चिमटली, बाण एकमेकांना ओलांडायला लागले, आणि मी पूर्ण वेळ लोकांकडे पाठ करून बोर्डाशी बोलत होते. पाठीमागून काही कळत नाही म्हणतात ते खरं नाही, कळतं. खुर्च्या वाजायला लागतात. आधी खुर्च्या, मग पाण्याच्या बाटल्या, मग एकदम शांतता, आणि ती शांतता ऐकण्याची नसते, फोन बघण्याची असते. मी वळून बघितलं तेव्हा दोन माणसं माझ्याकडे बघत होती. त्या चौदा चौकोनांमध्ये असं एकही ठिकाण नव्हतं जिथे थांबून मी विचारू शकले असते की सांगा, आता पुढे काय? पुढे काय ते कुणाला ओळखता येण्यासारखंच नव्हतं, ती नुसती माहिती होती. ती स्लाइडवर हवी होती, नाहीतर हातात छापून.

तेव्हापासून एखादी कल्पना बोर्डावर न्यायची का हे ठरवताना मी घरी एकच करते, कोऱ्या कागदावर ती काढायला घेते आणि प्रत्येक रेषेच्या आधी थांबून बघते की इथे समोरच्याला काही विचारता येईल का. विचारता येत असेल आणि त्याचं उत्तर चुकण्याची बरीच शक्यता असेल तर ती जागा बोर्डाची. त्या वेटिंगच्या रेषेत अशा चार जागा आहेत. चौदा चौकोनांत शून्य. मोजलेला खरा डेटा असेल तर तिथेही शून्य, उलट हाताने काढलं तर नुकसान, एकदा मी मागच्या महिन्याचे बार घाईत हाताने काढले आणि पुढची पाच मिनिटं तो बार ४२ चा आहे की ४५ चा यावर गेली. फोटो, स्क्रीन जशी दिसते तशी, आकड्यांचा तक्ता, हे सगळं पडद्यावरच राहू दे. आणि घरी काढताना घड्याळ पण लावते, बोलणं सोडून नुसतं काढायला दोन मिनिटांपेक्षा जास्त लागले तर मी ते अर्धं स्लाइडवर टाकते किंवा कागदावर आधीच काढून नेते, आणि फक्त कळीच्या रेषा समोर काढायला ठेवते. आडवी-उभी रेष आणि त्यावरची मापं मी आता आधीच काढून नेते, त्यात बघण्यासारखं काही नाही.

पडद्यावरून कागदाकडे येण्याचा क्षण मात्र जपून करावा लागतो, हे मला बऱ्याच उशिरा कळलं. पडदा चालू असेल तर डोळे उजेडाकडे जातात, तुम्ही शेजारी काहीही काढा, लोक शेवटची स्लाइड वाचत बसतात. पॉवरपॉइंटमध्ये स्लाइड शो चालू असताना कीबोर्डवरचं B दाबलं की पडदा काळा होतो, पुन्हा दाबलं की परत येतो. त्या एका बटणाने जेवढा फरक पडला तेवढा नव्या मार्करने नाही पडला. पडदा काळा झाला की खोलीतल्या सगळ्या माना एकदम वळतात, आणि बोर्डावरचा दिवा लावायचा तो पण तेव्हाच, कारण प्रोजेक्टरसाठी आपण खोली अंधारी केलेली असते आणि त्या अंधारात कागदावरचं मागून कुणाला दिसत नाही. मी सेशनच्या आधी मागच्या रांगेत, कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून बघते. साधारण पाच सेंटीमीटर उंचीची अक्षरं मला पुरतात, लाल आणि केशरी तिथून फिकट पडतात म्हणून लिहायला काळा किंवा निळा. लिहिताना गप्प राहायचं, लिहून झालं की बाजूला व्हायचं, मग बोलायचं. गप्प राहणं फार जड जातं सुरुवातीला, पाच सेकंद पाच मिनिटांसारखी वाटतात, पण ती फक्त आपल्याला वाटतात, समोरचा तेव्हा वाचत असतो. (आणि व्हाइटबोर्डवर चुकून परमनंट मार्कर चालवला गेला तर त्याच्यावरच बोर्डाचा साधा मार्कर गिरवा आणि लगेच पुसा, बहुतेक वेळा निघतं. हे मला फार घाबरल्यानंतर कुणीतरी सांगितलं होतं.)

एका गोष्टीबद्दल मात्र माझ्या मनात अजून पूर्ण स्वच्छ वाटत नाही. प्रशिक्षण देणाऱ्यांमध्ये एक जुनी युक्ती आहे, कागदावर आधी पेन्सिलने अगदी हलक्या खुणा करून ठेवायच्या, हातभर अंतरावरून आपल्याला दिसतात, समोर बसलेल्यांना दिसत नाहीत. मी पण करते, चार ठिपक्यांच्या चार खुणा, कारण बारा, तीस, साठ, एकशे वीस हे मापात बसलं नाही तर सगळा खटाटोप वाया. पण मग मी हात हळूहळू वर नेते, "कुठे देऊ?" विचारते, आणि मला ती पेन्सिलची खूण दिसत असते. हे खरंच लाइव्ह आहे का? एका मैत्रिणीला विचारलं तर ती म्हणाली, "अगं, उत्तर तुला माहीत असणारच, शिकवायला तूच उभी आहेस ना, शोधायचंय त्यांना." तिचं बरोबर असेल. तरी लोक चकित होतात तेव्हा मला त्यांच्याएवढं चकित होता येत नाही, याची एक बारीकशी चुटपुट राहते.

ती चुटपुट गेली ती फक्त एकदा, जेव्हा खुणा संपल्या. एका सेशनमध्ये रेष काढून झाली आणि मागून एकाने विचारलं, "पण आमच्याकडे प्रत्येक काम अगदी सारख्याच वेळाचं असतं, बरोबर दहा मिनिटं, कमी नाही जास्त नाही. मग पण एवढंच?" प्रश्न अचूक होता. माझी रेष दोन गोष्टींवर उभी आहे, कामं वाटेल तेव्हा येतात आणि कामांना लागणारा वेळही खूप कमी-जास्त होतो. दुसरी गोष्ट काढून टाकली तर नुसतं रांगेत थांबणं निम्म्यावर येतं. मी निळा मार्कर घेतला आणि आम्ही सगळ्यांनी मिळून तिथेच हिशोब केला. ५० टक्क्यांना आधी थांबणं दहा मिनिटं होतं, आता पाच, अधिक काम दहा, पंधरा मिनिटं, नऊ सेंटीमीटर. ८० ला थांबणं चाळीसऐवजी वीस, एकूण तीस. ९० ला नव्वदऐवजी पंचेचाळीस, एकूण पंचावन्न, तेहतीस सेंटीमीटर. निळी रेष तुटक काढली म्हणजे रंग नीट दिसला नाही तरी वेगळी कळावी. ती काळ्या रेषेच्या बरीच खालून गेली, आणि तो माणूस खूश झाला, आणि मग पहिल्या रांगेतली एक जण म्हणाली, "९५ करा ना." थांबणं एकशे नव्वदचं निम्मं पंच्याण्णव, अधिक दहा, एकशे पाच मिनिटं, त्रेसष्ट सेंटीमीटर. निळी रेष पण वळली. उशिरा वळली, पण वळली, आणि जवळजवळ काळ्या रेषेच्या ९० टक्क्यांच्या ठिपक्याएवढी वर गेली. ही दुसरी रेष माझ्या कुठल्याच स्लाइडवर नव्हती आणि मी आधी कधी काढलीही नव्हती. म्हणजे वळणार हे सूत्रातून माहीत होतं, पण कागदावर ती किती उशिरा वळते हे त्या दिवशी मीही पहिल्यांदाच बघत होते, हातात मार्कर धरून. आणि कामं येण्याची वेळ पण ठरवून दिली, अपॉइंटमेंटसारखी, आणि प्रत्येक काम बरोबर दहाच मिनिटांचं, मग? मग थांबणंच नाही, आडवी सपाट रेष. ती हिरव्याने काढली. तीन रेषा एका कागदावर, आणि त्यावर पुढचा अर्धा तास लोक आपापल्या कामाची रेष कुठली यावर भांडत होते.

स्लाइड मी फेकून दिली नाही. आता ती रेष काढून झाल्यावर येते, पडदा परत उजळतो आणि तोच ग्राफ, नीट मापात, लेबलं लावलेला, सूत्रासकट. लोकांना घरी न्यायला, न आलेल्या सहकाऱ्याला दाखवायला तीच उपयोगी, कागद गुंडाळून कुणी नेत नाही. आधी स्लाइड होती तेव्हा ती काहीच सांगत नव्हती, नंतर आली की लोक तिच्यात मगाचा हात बघतात, काही जण तर पडद्याच्या वरच्या मोकळ्या भिंतीकडे बघतात, जिथे कागद संपला होता.

त्या मुलीच्या बॅचचं पुढचं सेशन तीन आठवड्यांनी होतं. मी सकाळी लवकर गेले, कागद लावला, आडवी आणि उभी रेष काढली, मापं टाकली, पेन्सिलच्या खुणा केल्या नाहीत. दुसरा कागद गुंडाळून टेबलावर ठेवला. सुरुवातीलाच B दाबलं, पडदा काळा केला आणि तिला पुढे बोलावून मार्कर तिच्या हातात दिला. ती आधी नको नको म्हणाली, मग आली. ५० चा ठिपका तिने पट्टी लावून दिला, ८० चा पण. मागच्या वेळी जे आले नव्हते असे चार-पाच जण होते, ते नुसते बघत होते. ९० पाशी तिने मार्कर टेकवला आणि हात वर न्यायला सुरुवात केली, आणि मध्येच थांबली. मला वाटलं हिशोब विसरली, मी सांगणार होते. पण तिने हात तिथेच धरून ठेवला, मान वळवून त्या नवीन लोकांकडे बघितलं आणि विचारलं, "सांगा, कुठे देऊ?"